बँकेतून पैसे गेले, ट्रेडिंग खात्यात दिसेनात

बँकेचा एसएमएस येतो की खात्यातून पैसे वजा झाले. ब्रोकरचं अॅप उघडावं तर ‘उपलब्ध रक्कम’ जिथल्या तिथे. पाच मिनिटांनी पुन्हा पाहावं, तरी तेच. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर तेवढीच रक्कम दुसऱ्यांदा पाठवतात, नाहीतर गुगलवर ब्रोकरचा ‘कस्टमर केअर’ नंबर शोधून मिळेल त्याला फोन लावतात. पहिल्याने गोंधळ दुप्पट होतो. दुसऱ्याने कधीकधी उरलेले पैसेही जातात, कारण असे शोधून सापडलेले नंबर भामट्यांनी पेरलेले असू शकतात. खरं तर पाठवलेले पैसे हवेत विरत नाहीत. ते ठरलेल्या टप्प्यांपैकी एकावर थांबलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांची लेखी खूण असते. ती खूण कुठे बघायची, एवढंच आपल्याला माहीत नसतं.

आधी वाट समजून घेऊ. पैसे आपल्या बँक खात्यातून निघतात आणि ब्रोकरच्या एका विशिष्ट बँक खात्यात पोचतात. हे खातं फक्त ग्राहकांच्या पैशांसाठी असतं. ब्रोकरचा स्वतःचा पगार-भाड्याचा व्यवहार त्यात चालत नाही. सेबीने २०२३मध्ये ग्राहकांच्या पैशांसाठी नवे नियम आणले, तेव्हापासून ग्राहकांकडून पैसे घेणाऱ्या या खात्याच्या नावात USCNB अशी अक्षरं असतात. तिथे पैसे आले की ते कोणत्या ग्राहकाचे हे ओळखून ब्रोकर त्या ग्राहकाच्या लेजरमध्ये, म्हणजे खातेवहीत, जमा दाखवतो. आणि लेजरवरून हिशेब करून अॅपवर ‘उपलब्ध रक्कम’ हा आकडा येतो. थोडक्यात, बँक, ब्रोकरचं बँक खातं, लेजर आणि मग अॅपवरचा आकडा. शेवटच्या आकड्याकडे बघून पहिल्या टप्प्याबद्दल बँकेशी भांडण्यात अर्थ नसतो, तरी सगळे तेच करतात.

पैसे कुठे अडकले हे शोधायला एक नंबर लागतो. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये त्याला यूटीआर म्हणतात. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षर-अंकांचा असतो, आरटीजीएसचा बावीस. आरटीजीएसच्या नंबरात व्यवहाराची तारीखही गुंफलेली असते. यूपीआय आणि आयएमपीएसला बारा आकडी संदर्भ क्रमांक मिळतो. अॅपमध्ये व्यवहारावर बोट ठेवलं की तो खाली दिसतो. तिथेच एखादा लांबलचक, अक्षरं मिसळलेला ट्रान्झॅक्शन आयडीही असतो. लोक घाईत तोच ब्रोकरला कळवतात. तो आयडी पैसे पाठवणाऱ्या अॅपचा अंतर्गत नंबर असू शकतो आणि त्यावरून ब्रोकरला त्याच्या बँकेच्या उताऱ्यात काही सापडेलच असं नाही. कळवायचा तो बारा आकडी नंबर. आणि स्क्रीनशॉटपेक्षा बँकेच्या उताऱ्याची पीडीएफ पाठवलेली बरी, कारण तिच्यावर आपलं नाव, खातेक्रमांक आणि तो नंबर एकाच ठिकाणी असतात. ब्रोकरच्या माणसाला नेमक्या याच तीन गोष्टी हव्या असतात.

आता पहिला टप्पा. पैसे बँकेतून निघाले, पण पलीकडे पोचलेच नाहीत, असं यूपीआयमध्ये अधूनमधून होतं. आपल्या बँकेने रक्कम वजा केलेली असते, पण समोरच्या बँकेकडून वेळेत उत्तर आलेलं नसतं. अॅप ‘पेंडिंग’ म्हणतं. कधी ‘सक्सेस’ही म्हणतं आणि प्रत्यक्षात दोन बँकांचा ताळमेळ व्हायचा बाकी असतो. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात यासाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठवलेली रक्कम पोचली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. व्यापाऱ्याला केलेलं यूपीआय पेमेंट अडकलं तर पाच दिवसांची मुदत आहे. त्यानंतर प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. ब्रोकरला अॅपमधून केलेलं पेमेंट सहसा व्यापारी पेमेंटच्या वर्गात मोडतं. त्यामुळे ‘उद्या आले नाहीत म्हणजे बुडाले’ असं समजू नये, पाच दिवसांचा हिशेब धरावा.

एनईएफटीचं गणित वेगळं. डिसेंबर २०१९पासून ती चोवीस तास, रविवारीही चालते. दर अर्ध्या तासाला व्यवहारांची एक खेप निघते आणि खेप पूर्ण झाल्यावर दोन तासांत लाभार्थीच्या खात्यात पैसे जमा व्हावेत किंवा परत तरी यावेत, असा नियम आहे. त्यात एक फार उपयोगी गोष्ट आहे, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. समोरच्या खात्यात पैसे जमा झाले की पाठवणाऱ्याला तसा संदेश येतो. ‘तुमच्या खात्यातून वजा’ हा संदेश वेगळा आणि ‘लाभार्थीच्या खात्यात जमा’ हा वेगळा. दुसरा संदेश आला असेल तर बँकेचं काम संपलं. इथून पुढचा प्रश्न ब्रोकरला विचारायचा.

नेटबँकिंगच्या गेटवेने पैसे भरताना होणारा घोळही याच जातीचा. बँकेने रक्कम कापली आणि पान परत ब्रोकरच्या अॅपवर यायच्या आत नेट गेलं किंवा आपण मागे जाण्याचं बटण दाबलं. पैसे गेटवेकडे, ब्रोकरला निरोपच नाही. हा ताळमेळ बहुधा दिवसाअखेरीच्या मेळवणीत लागतो.

माझ्या मते खरी गंमत दुसऱ्या टप्प्यात आहे. पैसे ब्रोकरच्या बँकेत सुखरूप आलेत, पण ते तुमचे आहेत हे ब्रोकरला पटत नाही. याचं मूळ एका जुन्या नियमात आहे. सेबीने २७ ऑगस्ट २००३च्या परिपत्रकाने ब्रोकरला ग्राहकाखेरीज इतर कुणाकडून त्या ग्राहकासाठी पैसे घ्यायला मनाई केली. दुसऱ्याच्या नावावर काळा पैसा फिरवला जाऊ नये, हा हेतू. म्हणून प्रत्येक ग्राहकाची बँक खाती ब्रोकरकडे नोंदवलेली असतात आणि आलेली रक्कम त्यापैकी एखाद्या खात्यातून आली आहे का हे पडताळलं जातं. ब्रोकरच्या अॅपमधून यूपीआयने पैसे भरताना ही पडताळणी विनंतीतच केलेली असते. नोंदवलेल्या खात्याऐवजी दुसरं खातं निवडलं तर व्यवहार होत नाही किंवा रक्कम माघारी येते. पण आपण बँकेच्या अॅपमध्ये ब्रोकरचा खातेक्रमांक टाकून थेट एनईएफटी केली तर वाटेत अडवणारं कुणी नसतं. रक्कम पोचते आणि मग ब्रोकरच्या कार्यालयात ‘ओळख न पटलेल्या’ रकमांच्या यादीत जाऊन बसते.

एक उदाहरण तपशिलात पाहू. माणूस कल्पित, प्रकार रोजचा. कराडचे एक निवृत्त शिक्षक आहेत. ट्रेडिंग खातं उघडताना त्यांनी पेन्शन जमा होणारं राष्ट्रीयीकृत बँकेचं खातं नोंदवलं. मुदत ठेव मात्र गावातल्या सहकारी बँकेत. ठेव मोडली आणि सोमवारी रात्री पावणेनऊला त्याच बँकेच्या अॅपवरून ब्रोकरला साठ हजारांची एनईएफटी केली. रात्री साडेदहापर्यंत ‘लाभार्थीच्या खात्यात जमा’ असा संदेश आला. मंगळवारी सकाळी नऊला बघतात तर उपलब्ध रक्कम शून्य. शून्याच्या खाली उणे काही तरी दिसत होतं, ते त्यांनी घाईत वाचलं नाही.

सर सहकारी बँकेत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने यूटीआर तपासून सांगितलं, ‘सर, पैसे पोचलेत. आमच्याकडे काही नाही.’ आणि ते खरंच होतं. मग ब्रोकरच्या अॅपमधल्या तक्रार विभागात त्यांनी चार ओळी लिहिल्या. स्वतःचा ग्राहक क्रमांक, रक्कम, तारीख व वेळ, यूटीआर, कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यातून पाठवले आणि ब्रोकरच्या कोणत्या खातेक्रमांकावर पाठवले. सोबत सहकारी बँकेचा उतारा जोडला. दुपारी उत्तर आलं, ‘रक्कम मिळाली आहे, पण ज्या खात्यातून आली ते आपल्याकडे नोंदलेलं नाही.’

इथून दोन वाटा असतात. एक, ब्रोकर रक्कम ज्या खात्यातून आली तिथेच परत पाठवतो. दुसरी, ते खातं ग्राहकाच्याच नावाचं असल्याचं सिद्ध झालं तर ते दुसरं खातं म्हणून नोंदवून रक्कम जमा करतो. प्रत्येक ब्रोकर दुसरी वाट देईलच असं नाही. काही जण सरळ रक्कम परत करतात आणि नोंदणी करून पुन्हा पाठवा म्हणतात. सरांच्या ब्रोकरने खातं नोंदवायला सांगितलं. त्यासाठी खात्यात एक रुपया पाठवून बँकेकडे नोंदलेलं नाव तपासलं जातं. सरांचं नाव पॅनवर पूर्ण होतं, बँकेत आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच. म्हणून पासबुकाचं पहिलं पान वेगळं पाठवावं लागलं. बुधवारी संध्याकाळी लेजरमध्ये साठ हजार जमा झाले.

नावातला हा फरक आपल्याकडे नेहमीचा. लग्नानंतर बदललेलं आडनाव, वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी एक अक्षर. खातेक्रमांकाचंही तसंच होतं. बँक विलीन झाली किंवा तिची संगणक प्रणाली बदलली की कधी खातेक्रमांक बदलतो, कधी पुढे शून्यं लागतात, आयएफएससीही बदलू शकतो. ब्रोकरकडे जुनाच नंबर राहतो आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट जाणारे पैसे एक दिवस अडतात. नवऱ्याने स्वतःच्या खात्यातून बायकोच्या ट्रेडिंग खात्यात पैसे पाठवले तर तेही तिसऱ्या व्यक्तीचे पैसे ठरतात, घरचा मामला असला तरी. ते आधी तिच्या बँक खात्यात टाकायचे आणि तिथून तिनेच पाठवायचे. संयुक्त खातं असेल आणि त्यात तिचं नाव असेल तर चालतं, पण तेही आधी नोंदवलेलं असावं लागतं.

सरांची गोष्ट अजून संपलेली नाही. लेजरमध्ये साठ हजार आले, पण अॅपवर उपलब्ध रक्कम ५०,३४० रुपयेच. आता हे ९,६६० रुपये कुठे गेले? बरेच जण इथे ब्रोकरने पैसे खाल्ले असा निष्कर्ष काढतात. सरांनी लेजर उघडून ओळीने वाचलं. आधीच्या महिन्यांत खात्यात पैसे नसताना डिमॅटचं वार्षिक शुल्क आणि इतर आकार लागून लेजर १,१८० रुपये नावे पडलं होतं. हेच ते सकाळी न वाचलेलं ‘उणे’. साठ हजारांतून आधी ती थकबाकी वळती झाली. उरले ५८,८२०. शिवाय बुधवारी रात्री पैसे जमा झाल्याच्या आनंदात त्यांनी एका कंपनीचे ४० शेअर २१२ रुपयांनी घ्यायची ऑर्डर दुसऱ्या दिवसासाठी लावून ठेवली होती. तिचे ८,४८० रुपये ऑर्डर पूर्ण होईपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत अडकवून ठेवलेले. ५८,८२० मधून ८,४८० गेले की ५०,३४०. पै न पै जुळली.

उपलब्ध रक्कम आणि लेजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतात. लेजर म्हणजे झालेल्या जमाखर्चाची नोंद. उपलब्ध रक्कम म्हणजे त्यातून लावलेल्या ऑर्डरी, फ्युचर्स-ऑप्शन्ससाठी धरून ठेवलेलं मार्जिन आणि अजून हाती न आलेले पैसे वगैरे वजा करून काढलेला, मिनिटामिनिटाला बदलणारा आकडा. शेअर आज विकले तर त्यांचे पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मिळतात, पण त्यातले काही आजच वापरायला मिळतात, काही मिळत नाहीत. त्यामुळे विक्रीच्या दिवशी हा आकडा सर्वांत फसवा असतो. काही ब्रोकरांकडे कमोडिटीची रक्कम वेगळ्या कप्प्यात असते. पैसे भरताना तो कप्पा निवडला गेला तर शेअरच्या कप्प्यात काहीच दिसत नाही. पैसे शोधताना अॅपचं मुखपृष्ठ बाजूला ठेवावं आणि लेजरच उघडावं.

उलट्या बाजूचंही एक प्रकरण आहे. पैसे होते, दिसत होते आणि एके सकाळी गायब. बहुतेक वेळा ते आपल्याच बँकेत परत गेलेले असतात. सेबीच्या नियमाप्रमाणे ब्रोकरने ग्राहकाची न वापरलेली रक्कम ग्राहकाच्या पसंतीनुसार दर तिमाहीला किंवा दर महिन्याला परत करायची असते. ठरलेला दिवस त्या काळातला पहिला शुक्रवार किंवा शनिवार. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘माझे पैसे कुठे गेले’ असं विचारण्याआधी बँकेचं पासबुक बघावं.

या सगळ्यात एक गृहीत धरलं होतं, की पैसे खऱ्या ब्रोकरच्याच खात्यात गेले. ते तपासल्याशिवाय बाकीच्या शोधाला अर्थ नाही. व्हॉट्सअॅपच्या एखाद्या गटातून मिळालेलं अॅप, त्यात फुगत जाणारा नफा आणि पैसे भरायला दर वेळी एखाद्या व्यक्तीच्या किंवा अनोळखी ट्रेडिंग फर्मच्या नावाचा वेगळा खातेक्रमांक, असं असेल तर ते ट्रेडिंग खातं नाहीच. तिथे बॅलन्स ‘दिसत नाही’ ही तक्रार नसते, उलट खोटा बॅलन्स छान दिसत असतो, काढायला गेलं की निघत नाही. अशा वेळी ब्रोकर-बँक करत न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. पैसे पुढे सरकवले जाण्याआधी खातं गोठवलं जायचं असेल, तर पहिले काही तासच महत्त्वाचे.

खऱ्याची ओळख पटवायला आता बरी सोय आहे. १ ऑक्टोबर २०२५पासून सेबीने नोंदणीकृत ब्रोकरांसाठी विशिष्ट धाटणीचे यूपीआय आयडी आणले. त्यात ब्रोकरसाठी .brk हे अक्षरसमूह आणि @valid नंतर बँकेचं नाव असतं. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात पांढरा अंगठा दिसतो. ‘सेबी चेक’ या साधनात तो आयडी, किंवा ब्रोकरचा खातेक्रमांक व आयएफएससी टाकला की ते खातं नोंदणीकृत मध्यस्थाचं आहे का हे कळतं. एनईएफटी-आरटीजीएसलाही आता पैसे पाठवण्याआधी लाभार्थीचं नोंदलेलं नाव दाखवायची सोय बँकांनी दिली आहे. ते नाव वाचायला पाच सेकंद लागतात.

ब्रोकर दाद देत नसेल तर फोनवर वाद घालू नये. तक्रार लेखी करावी आणि तिकीट क्रमांक जपून ठेवावा. फोनवर ‘चोवीस तासांत होईल’ म्हणणाऱ्याचं नावही दुसऱ्या दिवशी कुणाला माहीत नसतं. ब्रोकरकडून समाधान झालं नाही तर scores.sebi.gov.in वर सेबीकडे तक्रार करता येते. तिथे ब्रोकरला एकवीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही तर वरच्या पातळीवर पुनर्विचार मागता येतो आणि त्यापुढे ऑनलाइन तंटानिवारणासाठी smartodr.in आहे. पैसे बँकेतच अडकले असतील तर सेबीकडे जाऊन उपयोग नाही. आधी बँकेत लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. म्हणूनच कोणत्या टप्प्यावर पैसे अडकले हे आधी शोधायचं. चुकीच्या दारावर दिलेला अर्ज महिनाभराने ‘आमच्या कक्षेत नाही’ या शेऱ्यासह परत येतो.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. या सगळ्या खटपटीने पैसे सापडतात, हुकलेला भाव सापडत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये मार्जिन कमी पडलं म्हणून पाठवलेले पैसे वेळेत दिसले नाहीत, तर ब्रोकर सौदा मोडून मोकळा होतो आणि त्या नुकसानीची भरपाई मिळवणं फार अवघड जातं. म्हणून असे पैसे शेवटच्या क्षणी, नेहमीच्या नसलेल्या खात्यातून पाठवू नका. आजच ब्रोकरच्या अॅपमध्ये प्रोफाइल उघडून बघा, तिथे कोणतं बँक खातं, कोणत्या नावाने आणि कोणत्या आयएफएससीने नोंदलेलं आहे. ज्या दुसऱ्या खात्यातून कधी तरी पैसे पाठवायची वेळ येईल, तेही आताच जोडून ठेवा.